भिंतीवरचा किडा आणि न विचारलेला प्रश्न

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सोमवारी, रात्री अकराला वीस मिनिटे कमी असताना, पनवेलच्या पलीकडे राहणाऱ्या माझ्या भाचीने मला एक फोटो पाठवला. बरोबर एकही शब्द नव्हता, प्रश्नचिन्हसुद्धा नव्हते. पांढरी भिंत, वरच्या कडेला ट्यूबलाइटचा झोत आणि साधारण मधोमध एक बारीक, लांबट किडा. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे नात्यागोत्यात असे फोटो माझ्याकडेच येतात, आणि खरे सांगायचे तर ते आलेले मला आवडतात. चष्मा लावून मी फोटो मोठा केला आणि किडा ओळखल्याच्या आनंदात बऱ्यापैकी लांबलचक उत्तर लिहिले.

ओळखायला तो कठीण नव्हताच. डोके काळे, त्यामागचा वक्षाचा भाग नारिंगी, मग निळसर हिरवी धातूसारखी चमक असलेला एक आखूड पट्टा, त्यापुढे पुन्हा नारिंगी पोट आणि पोटाचे टोक काळे. सरावलेल्या डोळ्याला एवढे रंग पुरतात. हा पेडेरस, म्हणजे रोव्ह भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. लांबी जेमतेम सात ते दहा मिलिमीटर आणि रुंदी उकडलेल्या शेवईएवढी. मधला निळसर पट्टा म्हणजे त्याचे कडक पुढचे पंख. इतर भुंगेऱ्यांसारखे ते सगळ्या पोटावर पसरत नाहीत, अर्ध्यातच संपतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो भुंगेरा न वाटता मोठी मुंगी वाटतो. उडण्याचे खरे पंख त्या आखूड झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात. डिवचले की तो पोटाचे टोक विंचवासारखे वर उचलून पळतो, पण त्या टोकाला नांगी नसते.

हे सगळे मी लिहिले, आणि शेवटी असेही लिहिले की तो चावत नाही, डंख मारत नाही, उलट भातावरच्या तुडतुड्यांना खाणारा शेतकऱ्याचा मित्र आहे, तुमच्या इमारतीमागच्या खाचरांतून दिव्यावर आला असेल, काळजी करू नये. उत्तरादाखल अंगठा आला. मी समाधानाने झोपले.

बुधवारी सकाळी दुसरा फोटो आला, तोही शब्दांवाचून. त्यात भिंत नव्हती. तिच्या सात वर्षांच्या मुलाची मान होती, आणि कानाच्या खालून कॉलरच्या हाडापर्यंत बोटभर रुंदीचा लालभडक पट्टा होता. पट्ट्याच्या मध्यावर मोहरीएवढे पिवळट फोड ओळीने उठलेले होते. चाबकाचा वळ उठावा तसे ते दिसत होते.

माझ्या उत्तरातले एकेक वाक्य खरे होते. पेडेरस चावत नाही, डंख मारत नाही आणि भातशेतीला उपयोगीच आहे. फक्त भाचीने जे विचारले होते त्याचे उत्तर त्यात नव्हते, कारण तिने काय विचारले आहे हे मी पाहिलेच नव्हते. किड्याचे नाव कोणीही मागितले नव्हते.

नंतर मी सोमवारचा फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी किडा सोडून बाकीचे पाहिले. फोटोच्या खालच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात, निळ्या कापडाचा एक त्रिकोण होता आणि त्यावर अर्धे कापलेले चित्र होते. ती लहान मुलाची उशी होती. म्हणजे किडा दिवाणखान्याच्या भिंतीवर नव्हता, मूल झोपते त्या पलंगाच्या डोक्याशी, हातभर उंचीवर होता. फोटो जवळून घेतलेला नव्हता, दूर उभे राहून झूम करून घेतला होता. म्हणून तो किंचित दाणेदार आला होता आणि हात हलल्यासारखा वाटत होता. रात्रीच्या पावणेअकराला, मुलाच्या अंथरुणाशेजारी, लांबूनच टिपलेला किडा. हे सगळे शब्दांत लिहून पाठवले असते तर कोणालाही कळले असते की विचारणारी आई आहे आणि ती विचारते आहे, ‘याने माझ्या लेकराला काही होईल का?’ मी मात्र त्या उशीकडे न बघता आखूड पंखांकडे बघत बसले होते.

आता त्या पट्ट्याविषयी, कारण पावसाळ्यात असा किडा पुष्कळ घरांत येतो आणि त्याच्याविषयीचे गैरसमज किड्यापेक्षा अधिक त्रास देतात. पेडेरसच्या अंगातल्या द्रवात, आपल्या रक्ताच्या जागी त्याच्यात जे वाहते त्यात, पेडेरिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते तो आपणहून बाहेर टाकत नाही. तो अंगावरून चालत गेला तर सहसा काहीच होत नाही. मानेवर वळवळ झाली म्हणून आपण झोपेत थप्पड मारतो, किंवा बोटाने चिरडून खाली ओढतो, तेव्हा तो द्रव त्वचेवर पसरतो. त्वचेवरची जखम म्हणजे आपल्याच बोटाने काढलेली रेघ असते. म्हणूनच ती लांबट असते आणि चाबकाच्या वळासारखी दिसते. कोपराच्या किंवा मांडीच्या घडीत किडा चिरडला गेला तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकींचे ठसे असावेत तशा दोन सारख्या जखमा उठतात. हात न धुता डोळे चोळले तर पापणी सुजून डोळा बंद होतो. पूर्व आफ्रिकेत हे इतके ओळखीचे आहे की त्याला नैरोबीचा डोळा असेच म्हणतात.

या द्रव्याची एक गोष्ट मला दरवेळी थक्क करते. ते शुद्ध स्वरूपात मिळवण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याला इटलीतल्या संशोधकांना शेतांतून गोळा केलेले सुमारे अडीच कोटी किडे वापरावे लागले होते. पुढे 2002 मध्ये असे दिसून आले की ते मुळात किडा बनवतच नाही. मादीच्या शरीरात वस्तीला असलेले जिवाणू ते बनवतात, आणि मादी ते अंड्यांवाटे पुढच्या पिढीला देते. हे मी वर्गात रंगवून सांगत असे. पण त्या बुधवारी भाचीला मी यातले अक्षरही सांगितले नाही, आणि ते बरोबरच केले असे मला वाटते.

घात होतो तो वेळेमुळे. थप्पड मारली की लगेच काही दिसत नाही. आग आणि लाली बहुधा बारा तासांनंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि फोड त्यानंतर उठतात. तोपर्यंत किडा विसरला गेलेला असतो. भाचीच्या मुलानेही सोमवारी रात्रीच, माझे उत्तर येऊन गेल्यावर, झोपेत मानेवर हात मारला होता. मंगळवारी संध्याकाळी मान लाल दिसली तेव्हा शाळेच्या गणवेशाची कॉलर घासली असावी असे घरात ठरले. बुधवारी फोड उठल्यावर शेजारच्या आजींनी ‘नागीण आहे’ असे निदान करून गेरू लावायला सांगितले. भाचीच्या सासूबाईंचे मत ‘कोळी मुतला’ असे होते. या दुसऱ्या मतात थोडे तरी निरीक्षण होते असे मी म्हणेन, कारण ते निदान एखाद्या किड्याकडे बोट दाखवत होते, फक्त तो किडा चुकीचा होता.

नागिणीशी गल्लत डॉक्टरांकडूनही होते, कारण फोडांची ओळ दोन्हींत दिसते. तरी फरक कळण्यासारखे आहेत. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेने, शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि पुष्कळदा फोडांच्या दोन-तीन दिवस आधीपासून तिथे दुखत असते. ती बहुतेक मोठ्या वयाच्या माणसांना होते. किड्याची जखम मज्जातंतूचा नकाशा पाळत नाही. ती उघड्या राहणाऱ्या भागांवर, म्हणजे मान, चेहरा, हात यांवर असते, सकाळी उठल्यावर किंवा एका दिवसाने लक्षात येते आणि तिची दिशा हात ओढल्याची असते. त्याच घरातल्या किंवा त्याच वसतिगृहातल्या आणखी कोणाला त्याच आठवड्यात तसेच झाले असेल तर शंका उरतच नाही. भाचीने त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना माझ्या सांगण्यावरून सोमवारचा भिंतीचा फोटोही दाखवायला नेला. तो पाहून डॉक्टरांना एका मिनिटात उलगडा झाला. तोच फोटो, तीच भिंत. दवाखान्यात त्याचा उपयोग झाला आणि माझ्याकडे झाला नाही.

उपचार साधे होते. जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायची, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, डॉक्टरांनी दिलेले सौम्य स्टेरॉइडचे मलम लावायचे आणि खाजवू द्यायचे नाही. फोड आठ-दहा दिवसांत सुकले. काळसर डाग मात्र दिवाळीपर्यंत टिकला, आणि डाग राहतो हे ठाऊक नसल्यामुळे मुलाची आजी दर आठवड्याला नवे तेल सुचवत राहिली.

सोमवारी मला खरे तर एकच ओळ लिहायची होती: हाताने मारू नका, फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका, अंगाला लागला असेल तर जागा साबणाने धुवा. एवढे लिहायला अर्धे मिनिट लागले असते. किडा पेडेरस नसता तरी त्या ओळीने कोणाचे काही बिघडले नसते. म्हणून आता मी नाव नंतर सांगते. फोटोत अंथरूण, उशी, मच्छरदाणी, पाळणा किंवा माणसाच्या अंगाचा कोणताही भाग दिसला तर आधी हीच ओळ जाते आणि मग विचारते, ‘अंगावर बसला होता का?’ हा प्रश्न ‘काय झाले?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. ‘काय झाले?’ असे विचारले की माणसे म्हणतात, ‘काही नाही, सहज.’ घाबरलेले लोकही तसेच म्हणतात, विशेषतः रात्री अकरा वाजता आत्याला त्रास देतोय असे वाटत असेल तर.

पहिल्या फोटोमागे सुरक्षिततेची चिंता होती. दुसऱ्या आठवड्यात तोच किडा वेगळाच प्रश्न घेऊन आला. भाचीच्या सोसायटीत आणखी दोन घरांत तसेच वळ उठले आणि सचिवांनी सगळ्या इमारतीत फवारणी करून घ्यायचे ठरवले. भाचीने मला विचारले, या वेळी चक्क शब्दांत, ‘आत्या, पेस्ट कंट्रोल करून उपयोग होईल का गं?’

मी नाही म्हणाले, आणि का ते सांगावे लागले. झुरळे घरात राहतात, घरातच वाढतात, म्हणून त्यांच्या लपण्याच्या जागी औषध टाकता येते. पेडेरस घरात राहत नाही. त्याची अंडी, अळ्या, सगळे ओलसर मातीत, बांधांवर, खाचरांच्या कडेला असते. घरात तो येतो तो फक्त दिव्याच्या ओढीने, अंधार पडल्यावरच्या काही तासांत. आज भिंतींवर फवारले तर आज आलेले मरतील आणि उद्या शेतातून नवे येतील. शिवाय मेलेला किडा निरुपद्रवी होत नाही. वाळलेल्या किड्यातही पेडेरिन टिकते. फवारणीनंतर उशीवर, चादरीत पडलेले मेलेले किडे हाताने झटकताना चिरडले गेले की तोच प्रकार पुन्हा. आणि खाचरांत जाऊन फवारणे म्हणजे भातावरच्या तुडतुड्यांचा शत्रू मारून तुडतुड्यांना मोकळे रान देणे.

त्यापेक्षा किड्याला घराकडे बोलावणारी गोष्ट बदलायची. भाचीच्या गॅलरीत खाचरांच्या दिशेने तोंड करून एक पांढराशुभ्र दिवा रात्रभर जळत असे. तो पिवळ्या प्रकाशाचा बसवला आणि गरजेपुरताच लावायचे ठरले. संध्याकाळी दिवे लावण्याआधी त्या बाजूच्या खिडक्या बंद करायच्या. जाळी होती, पण डासांच्या जाळीच्या चौकटीला एका बाजूला फट होती, आणि शेवईएवढ्या किड्याला तेवढी फट राजमार्गासारखी असते. ती फोमच्या पट्टीने बुजवली. मुलाचा पलंग ट्यूबलाइटच्या बरोबर खाली होता, तो समोरच्या भिंतीला नेला. झोपण्यापूर्वी चादर आणि उशी झटकायची. एवढे केल्यावर किडे थांबले नाहीत, पण रोज सात-आठ दिसायचे तिथे एखादा दिसू लागला. मी तिला हेही सांगून ठेवले की भातकापणीच्या सुमारास शेतातली ओल आणि आडोसा हलतो, तेव्हा काही दिवस ते पुन्हा वाढतील आणि त्याने घाबरून जायचे नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तसेच झाले. सोसायटीत फवारणीही झालीच, कारण निर्णय आधीच झालेला होता. सोसायट्यांचे निर्णय किड्यांपेक्षा चिवट असतात.

याच्या बरोबर उलटे एक उदाहरण त्याच वर्षीच्या जूनमधले आहे. आमच्या इमारतीतले एक काका, निवृत्त माणूस, हाताशी वेळ भरपूर. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी त्यांनी ट्यूबलाइटशेजारच्या भिंतीवरच्या पंखवाल्या किड्यांचा फोटो पाठवला. अर्थात शब्दांवाचून. फोटो पाहून पहिला प्रश्न येतो तो म्हणजे ही पंख फुटलेली वाळवी की पंख फुटलेल्या मुंग्या? दोघीही पहिल्या पावसानंतर उडतात. वाळवीच्या मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या असतात, कंबर नसते आणि चारही पंख सारख्या लांबीचे, शरीराच्या जवळपास दुप्पट असतात. मुंगीच्या मिशांना कोपर असते, कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. काकांच्या फोटोत वाळवी होती. नाव सांगून मी मोकळी होऊ शकले असते आणि ते नाव ऐकून त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावला असता, कारण वाळवी म्हटले की आपल्याकडे कपाटातली सगळी पुस्तके एकदम डोळ्यांसमोर येतात.

पण उडणारी वाळवी लाकूड खात नाही. ती नवे घर मांडायला निघालेली नर-मादींची वरात असते, बहुतेक जणी पाली, पक्षी आणि झाडू यांच्या वाट्याला जातात. नाव कळून काहीच ठरत नाही. ठरते ते एका गोष्टीवर, आणि ती फोटोत नव्हती: ते किडे कुठून आले? उघड्या खिडकीतून दिव्यावर आले असतील तर बाहेरच्या कुठल्याशा वारुळातले पाहुणे आहेत. दिवा घालवून खिडकी लावली की विषय संपतो. मात्र ते घरातूनच, दाराच्या चौकटीच्या फटीतून किंवा भिंत आणि फरशीच्या सांध्यातून बाहेर पडत असतील तर तिथे काही वर्षे जुने, चांगले वाढलेले वारूळ जोडलेले आहे असे समजायचे, कारण पंखवाली पिढी नव्या वसाहतीत तयार होत नाही.

मी काकांना दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गोष्टी बघायला सांगितल्या. गळून पडलेले पंख कुठे ढिगाने पडले आहेत, खिडकीच्या चौकटीत की स्वयंपाकघराच्या दाराशी? कुठे भिंतीवर मातीची नळी चढलेली दिसते का, पेन्सिलीएवढी जाड, वेडीवाकडी? आणि दिसली तर तिचा बोटभर तुकडा मोडून दोन-तीन दिवस वाट पाहायची. नळी पुन्हा बांधली गेली तर आत वाळवी आहे. तशीच राहिली तर बहुधा ती जुनी, सोडून दिलेली वाट आहे. एका तुटलेल्या नळीवरून निर्णय देऊ नये, इतर ठिकाणीही पाहावे. काकांचे पंख खिडकीतच होते, पण स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीमागे एक नळी सापडली आणि मोडलेला तुकडा तिसऱ्या दिवशी ताज्या, ओल्या मातीने भरून निघाला. म्हणजे त्या संध्याकाळचे किडे बाहेरचे होते, आणि त्यांच्या निमित्ताने घरातली वेगळीच वाळवी सापडली. इथे मात्र माणूस बोलवायलाच हवा होता. तो आला, भिंत आणि फरशीच्या सांध्याला साधारण फूटभर अंतराने भोके पाडून त्यांत औषध सोडून गेला. काका त्याच्याशी भोकांच्या अंतरावरून वाद घालत होते, कारण मी त्यांना आधी सांगून ठेवले होते की नुसते वरवर फवारून जाऊ देऊ नका. वाळवी वरच्या भिंतीवर राहत नाही, जमिनीतून येते, आणि औषध तिच्या वाटेत पोचले पाहिजे.

निव्वळ कुतूहलाचे फोटोही येतात, आणि ते बहुधा जवळून घेतलेले असतात. मुंबईच्या दमट घरांतून दर पावसाळ्यात मला भोपळ्याच्या बीसारखी एक चपटी, राखाडी वस्तू येते. ती भिंतीला चिकटलेली असते आणि बघता बघता पुढे सरकते. ती एका लहान पतंगाच्या अळीने धूळ, वाळू आणि धागे यांची विणलेली पिशवी असते, दोन्ही टोकांना उघडी, त्यामुळे अळी हव्या त्या बाजूने डोके काढते. कोळ्यांची जुनी जाळी, केस, लोकर खाऊन ती जगते. जळमटे काढली आणि खोलीत हवा खेळू दिली की कमी होते. तिच्यासाठी कोणी फवारणीला पैसे दिले की मला वाईट वाटते, पण त्या फोटोवर मी फार वेळ घालवत नाही.

फोटोच्या कडांवरून चिंता ओळखता येते असे मी म्हणते खरे, पण त्याला मर्यादा आहेत. दाराची चौकट, कपाटाचा कोपरा किंवा एकाऐवजी वीस किडे फोटोत असले तर बहुधा घराची काळजी असते. उशी, पाळणा, पाय असले तर अंगाची. नुसता किडा, नीट मधोमध, मिशांसकट स्पष्ट आला असेल तर कुतूहल. तरीही अंदाज चुकतात. एकाने मला अगदी सुबक, जवळून टिपलेला फोटो पाठवला आणि मी उत्साहाने नाव सांगितले, तर त्याच्या हाताला तो चावून तास झाला होता. सुबक फोटो त्याच्या मुलीने काढला होता, चावलेल्या माणसाने नव्हे. आणि फोटोत आकार कधीच कळत नाही. पांढऱ्या भिंतीवर तीन मिलिमीटरचा किडा आणि तीन सेंटिमीटरचा किडा सारखाच दिसतो, म्हणून बाजूला विजेचे बटण किंवा नाणे येईल असा आणखी एक फोटो मी मागते. आकार नसताना नाव सांगायचे मी आता सोडून दिले आहे. फोटो धूसर झालेला असेल तर तोच डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगते, म्हणजे मोठा केल्यावर मिशा दिसतात. पण हे सगळे अंगावर बसला होता का, याचे उत्तर आल्यानंतर.

गेल्या महिन्यात भाचीच्या फोनवरून पुन्हा फोटो आला. पांढरी भिंत, रात्रीचा उजेड, तोच नारिंगी आणि काळा बारीक किडा. या वेळी तो उपड्या ठेवलेल्या स्टीलच्या वाटीशेजारी एका पोस्टकार्डावर होता, आणि पोस्टकार्डाच्या कडेवर लहान बोटांची नखे दिसत होती, किड्यापासून चांगली लांब धरलेली. पाठोपाठ आवाजाचा संदेश आला. ‘आत्याआजी, अंगावर नव्हता बसला. मी हात नाही लावला. याला खिडकीतून सोडू का, पण मग तो परत आत येईल, म्हणून आधी दिवा बंद करू का?’

मी म्हटले, आधी दिवा.